घड्याळातली आठ चित्रं

नर्सला घड्याळ लागतं ते सेकंदासाठी. नाडी मोजायची, श्वास मोजायचे, पोटावर हात ठेवून कळ किती वेळ टिकते ते बघायचं. माझं जुनं काट्यांचं घड्याळ तेवढ्यापुरतं उत्तम होतं. पण माझी मुलगी वापीला कंपनीत नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात आईला काहीतरी घ्यायची तिला हौस आली. एका रविवारी सरावलीच्या घरी येऊन तिने माझ्या मनगटावरचं घड्याळ सरळ उतरवलं आणि काळ्या काचेचं नवीन बांधलं. "आई, यात मेसेज येतात. फोन पिशवीतून काढायचाच नाही. इथूनच उत्तर द्यायचं."

"आणि टाइप कुठे करायचं? नखावर?"

टाइप करायचंच नव्हतं. मेसेज किंवा फोन आला की घड्याळ मनगटावर गुरगुरायचं, काच उजळायची, आणि खाली तयार उत्तरं असायची. तीन वाक्यं इंग्रजीत: ठीक आहे, नंतर फोन करते, मीटिंगमध्ये आहे. आणि त्याखाली आठ चित्रं. अंगठा, बदाम, जोडलेले हात, टाळ्या, रडेपर्यंत हसणारा चेहरा, खरोखर रडणारा चेहरा, पापा घेणारा चेहरा आणि रंगीत कागद उडवणारी पुंगी. ज्याला बोट लागलं ते गेलं. "पाठवू का?" असं घड्याळ विचारत नाही. मी हयातभर कधी मीटिंगमध्ये असल्याचं कुणाला सांगितलेलं नाही, आणि तलासरीच्या डोंगरातल्या उपकेंद्रात पापा कुणाला पाठवायचा तेही मला कळेना. माणसाच्या पोटातलं सगळं आठ चित्रांत बसवायचं म्हणजे कमालच की नाही!

पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटले. स्कूटरवरून जाताना रेल्वे फाटकात अडकले होते, फोन डिकीत. शेजारच्या उपकेंद्रातल्या नर्सचा मेसेज आला, सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आलाय, उद्या रजेवर आहे. मला रडणारा चेहरा पाठवायचा होता. पण नखाएवढ्या चित्रांत दोन्ही चेहरे पिवळे, दोन्हींच्या गालावर निळे थेंब, आणि दोघं शेजारीशेजारी. ती बिचारी सासऱ्यांच्या उशाशी बसलेली आणि मी इकडून हसून हसून लोळतेय! घड्याळातून पाठवलेलं परत घेता येईना. डिकी उघडून फोन काढेपर्यंत तिने वाचलंही होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मग आमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, मिशीवाले, सगळ्या नर्सा त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "पंक्चर काढतोय, वीस मिनिटं उशीर." मी अंगठा द्यायला गेले आणि शेजारचा बदाम गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सिस्टर, बदाम मिळाला. बायकोला दाखवला. ती म्हणाली, पंक्चर काढलं म्हणून एवढं, तर टायर बदललं असतं तर?" तेव्हापासून ग्रुपवर सगळे म्हणायला लागले, सिस्टरच्या घड्याळाचं काही खरं नाही. मी फटकळ बाई, मीही चार शब्द सुनावले. पण घड्याळ काही काढलं नाही. पोरीने पहिल्या पगारातून घेतलं होतं.

या ग्रुपचं थोडं सांगायला हवं. त्यात आम्ही नर्सा, भाऊ आणि डॉक्टर मॅडम. मॅडम माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, पण हुशार. ग्रुपची एक रीत पडून गेली होती. कुठल्याही उपकेंद्रात बाई सुखरूप मोकळी झाली की तिथली नर्स पुंगीचं चित्र टाकायची. मग हात धुऊन, बाळ तोलून, मुलगा की मुलगी आणि वजन लिहायची. पुंगी दिसली की सगळ्या जणी अभिनंदन करायच्या आणि भाऊंची गाडी त्या बाजूने निघालेली असेल तर दुसऱ्या कामाला मोकळी व्हायची. एकच गाडी आणि एवढे पाडे, करणार काय!

त्या दिवशी भात झोडून झालेलं होतं, उन्हं छान कोवळी होती. दहाच्या सुमाराला एक मोटरसायकल उपकेंद्राच्या दारात येऊन थांबली. पुढे नवरा, मागे सासू आणि दोघांच्या मध्ये आवळून बसवलेली एकवीस वर्षांची पहिलटकरीण. डोंगरातल्या वाटेने ती तशी आली होती. उतरल्याबरोबर ओट्यावरच वाकली. मी तिला आत घेतलं, तपासलं. अजून वेळ होता, कळा तीन-तीन मिनिटांनी येत होत्या, सगळं ठीक होतं. आणि मग तिचं पाणी गेलं. ते हिरवं होतं.

पाणी हिरवं म्हणजे बाळाने आत शी केलीय. पोटात त्याला त्रास होतोय, आणि ते पाणी छातीत गेलं तर बाहेर आल्यावर ते रडायचं नाही. आम्ही नर्सा बाळाच्या रडण्यासाठी किती कासावीस होतो ते लोकांना माहीत नसतं. जगात रडू ऐकून सुटकेचा श्वास सोडावा अशी एकच जागा आहे, ती म्हणजे बाळंतिणीची खोली. मी ठोके ऐकले. हळू पडत होते, मग सावरत होते. इथे थांबायचं कामच नव्हतं. डहाणूच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि लगेच.

खिडकीच्या गजाशी उभं राहिलं तरच आमच्याकडे फोन लागतो. मी मॅडमना फोन केला. सरकारी मोठी गाडी हायवेवरच्या अपघाताला गेली होती. "आपले भाऊ निघतायत," मॅडम म्हणाल्या. "तोवर डाव्या कुशीवर ठेवा, ठोके बघत राहा." फोन तिथेच खिडकीत ठेवला. नवऱ्याला सांगितलं, फाट्यावर जाऊन उभा राहा, तिथे पाटी नाही, गाडी चुकेल. तो पळाला. त्या फाट्यावर फोनला रेंज नसते.

खरं तर बाळंतपणाच्या वेळी नर्सने मनगटावर काही ठेवायचं नसतं. हे मी नव्या पोरींना ओरडून शिकवते. त्या दिवशी मला काढायला सुचलं नाही, कोपरापर्यंत वर सरकवलं आणि हातमोजे घातले. मिनिटभरात घड्याळ गुरगुरलं. ग्रुपवर भाऊंचा मेसेज होता: "निघालो. अर्धा तास." अंगठा द्यावा, त्यांना धीर येईल, म्हणून मी हात वर केला. खाली आठ चित्रं उघडली. तेवढ्यात कळ आली आणि त्या पोरीने माझा हात धरला.

धरला म्हणजे काय सांगू! नांगर धरणारे, भात लावणारे, डोक्यावरून लाकडं आणणारे हात ते. कोपराखाली तिची पकड बसली आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. "धर बाय, धर, सोडू नको," मी म्हणाले. तिने सोडला नाही. तिचा अंगठा बरोबर काचेवर होता. ते मला कळलंच नाही. माझं सगळं लक्ष तिच्या पोटाकडे आणि ठोक्यांकडे.

काय गेलं ते मी नंतर पाहिलं. पहिली गेली ती पुंगी.

ग्रुपवर सगळ्यांनी पुंगी पाहिली आणि सिस्टरने बाजी मारली म्हणून अभिनंदनाचा पाऊस सुरू झाला. आणि घड्याळाची रीत अशी, की नवा मेसेज आला की काच उजळते आणि खाली पुन्हा तीच उत्तरं हजर. लोक अभिनंदन करत होते, काच उजळत होती, आणि पुढच्या कळेला त्या पोरीचा घामेजलेला अंगठा पुन्हा काचेवर दाबला जात होता. बदाम. टाळ्या. टाळ्या. हसणारा. मग कळ ओसरली की ती हात सैल करायची, मी ठोके ऐकायचे. मग पुन्हा कळ. पापा. बदाम. अंगठा. कोपराशी गुरगुर चाललेली जाणवत होती, पण मी म्हटलं, चालू दे मेल्याचं.

सासू डोक्याशी बसून सुनेच्या कपाळावरून ओला फडका फिरवत होती. "बाई, गाडी कवा येल?" तिने विचारलं. "येतेच आहे," मी सांगितलं. गाडी येत नव्हती. पुंगी पाहून भाऊंनी हायवेच्या कडेला गाडी थांबवली होती. दुसऱ्या एका पाड्यावर तापाने फणफणलेलं मूल होतं, ते उलट दिशेला. बाई मोकळी झाली, आता गाडी तिकडे न्यावी, असा त्यांनी विचार केला आणि मॅडमना कळवून गाडी वळवली. त्यांची काय चूक? रीत आमचीच.

अर्धा तास होऊन गेला. ठोके पुन्हा हळू पडले आणि या वेळी सावरायला जास्त वेळ लागला. किती वाजले ते बघायला मी हात वळवला, आणि काचेवर ते सगळं दिसलं. अभिनंदन, अभिनंदन, मुलगा की मुलगी, पेढे कधी, सिस्टर इतके बदाम कुणाला! देवा, हे काय केलं मी! खिडकीकडे धावले, हातमोजे काढून फेकले, भाऊंना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. भाऊ डोंगरात शिरले असणार, आणि ते कुठल्या डोंगरात शिरले ते मला माहीत नव्हतं. घड्याळ हातावरून ओरबाडून काढलं आणि पिशवीत फेकलं. मी आयुष्यात बाळंतिणीच्या खोलीत कधी रडले नाही. त्या दिवशी तिच्याकडे पाठ करून दोन क्षण रडले. एका पोराच्या श्वासाचा प्रश्न होता आणि मी खेळणं बांधून उभी होते.

मग खिडकीत फोन वाजला. मॅडम होत्या. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "सिस्टर, ती अजून मोकळी झालेली नाही ना?"

"नाही हो मॅडम! ते घड्याळ..."

"मला माहीत आहे. भाऊंना मी कधीच परत फिरवलंय. दहा मिनिटांत पोहोचतील. त्या तापाच्या मुलाकडे दुसरी जीप पाठवलीय. तुम्ही ठोके बघा."

मला काही सुधरेना. यांना कसं कळलं? पण विचारायला वेळ नव्हता. डाव्या कुशीवर तिला धरून बसले, उघड्या हाताने. तिने पुन्हा पकडलं. आता पकडायला नुसता हात होता. दहा मिनिटं म्हणजे तीन कळा. चौथी यायच्या आत दारात हॉर्न वाजला.

डहाणूच्या वाटेवर मी किती वेळा ठोके ऐकले ते मला सांगता येणार नाही. भाऊ नुसती गाडी हाकत होते. दवाखान्यात पोरीला आत नेलं, दार बंद झालं. मी, सासू आणि नवरा बाकड्यावर. नवऱ्याच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून माझा फोन त्याने घेतला आणि तिथेच येरझाऱ्या घालत गावाकडे बोलत राहिला. मला हातांना काहीतरी चाळा हवा होता. पिशवीतून घड्याळ काढून बांधलं.

आत बाळ झालं. आधी काहीच ऐकू आलं नाही. दाराच्या त्या बाजूला पावलांची गडबड, यंत्राचा सूं सूं आवाज. सासूने माझा हात धरला, अगदी त्याच जागी, जिथे सुनेने धरला होता. तिथे आता काळंनिळं पडलं होतं. नवरा बोलता बोलता थांबला. मी मनात मोजत होते, ती आमची जन्माची सवय. मोजता मोजता आकडाही विसरले.

आणि मग रडणं आलं. आधी चिरकं, गुदमरलेलं, मग मोठं, मग असं खणखणीत की बाकड्यावर बसल्या जागी माझ्या अंगावर काटा आला. चाळीसच्या वर बाळंतपणं मी एकटीने केली आहेत, त्याहून कितीतरी पाहिली आहेत, तरी दर वेळी वाटतं की हे होऊच कसं शकतं. मघाशी नव्हतं आणि आता आहे. दार किलकिलं करून आतली नर्स "मुलगी" एवढंच सांगून गेली, आणि सासू जमिनीला हात लावून कपाळाला लावत होती.

घड्याळ गुरगुरलं. ग्रुपवर मॅडमचा मेसेज: "सिस्टर, काय झालं?" नवरा माझ्याच फोनवर गावाला ओरडून सांगत होता, त्याच्याकडून फोन काढून घेणं शक्यच नव्हतं. मी काच उघडली. आठ चित्रं. पुंगीला मी या जन्मात पुन्हा हात लावणार नव्हते. मग मी नीट बघून, नीट निवडून, एका बोटाने रडणारा चेहरा पाठवला. कारण ती रडली होती. यापेक्षा मोठी बातमी त्या आठांत कुठे होती?

दुसऱ्या सेकंदाला भाऊ बाहेरून धावत आत आले. चेहरा पांढराफटक. "सिस्टर! गेलं का हो?" नवऱ्याच्या हातातला फोन मॅडमच्या फोनने वाजायला लागला. मग माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा काय करून बसलेय ते. फोन घेतला आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडले, "मॅडम, रडली हो! ती रडली! मुलगी आहे!" पलीकडून मॅडमचंही रडू ऐकू आलं. भाऊ भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "ते घड्याळ आधी समुद्रात टाका."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, तुम्हाला कळलं कसं? त्या म्हणाल्या, "रजिस्टरला वजन लिहायचं म्हणून मी तुम्हाला फोन केला. तो कापला गेला आणि मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. मला हसू आलं. सिस्टर आणि मीटिंग! मग वाटलं, अजून वजन का नाही आलं? म्हणून ग्रुप उघडला." त्यांनी त्यांचा फोन माझ्यासमोर धरला. "आता चित्रं बघू नका. शेजारचे वेळेचे आकडे बघा."

मी बघितले. अकरा वाजून बारा: चार चित्रं. मग काही नाही. अकरा पंधरा: पाच चित्रं. काही नाही. अकरा अठरा. अकरा एकवीस. बदाम काय, टाळ्या काय, पापे काय, सगळे तीन-तीन मिनिटांनी, झुंबडीने येत होते आणि मध्ये शांत. मी तो फोन हातात धरून उभीच राहिले. आयुष्यभर मी कळा हाताने मोजल्या, घड्याळ बघून कागदावर खुणा केल्या. आणि इथे एका पोरीने, जिला त्या काचेवर आपला अंगठा आहे हे माहीतही नव्हतं, आपल्या कळा स्वतः लिहून पाठवल्या होत्या. चुकीच्या चित्रांनी, अगदी बरोबर. दहा मैलांवर खुर्चीत बसलेल्या बाईने त्या वाचल्या होत्या. मी मॅडमचे हात हातात घेतले, बस.

त्या ओळी ग्रुपवरून काढून टाका म्हणून काही जणींनी सुचवलं, हसू होतं म्हणाल्या. मी काढल्या नाहीत. घड्याळ मात्र आता खोलीच्या दाराबाहेर खिळ्याला टांगते, आणि आत जुनं काट्यांचं, एप्रनला पिनेने लावलेलं.

दीड महिन्याच्या डोसला ती आली. कडेवर मुलगी, डोक्याला टोपडं, गालावर काजळाचा ठिपका. भाऊंकडून नवऱ्याला आणि नवऱ्याकडून तिला सगळी गोष्ट कळलेली असणार, कारण आल्या आल्या लाजत म्हणाली, "बाई, ते दाखवा ना. मी पाठवलेलं."

मी फोनवर वर वर सरकवत तिला ते काढून दिलं. तिला अक्षरं अडखळत येतात, पण आकडे येतात. तिने बोट ठेवलं. "ही मी?"

"ही तू."

ती एकेका झुंबडीवरून बोट नेत राहिली, अगदी सावकाश. मध्ये मध्ये लोकांचे मेसेज होते, तिथे थांबून विचारायची, हे कोण, हे कोण. मी सांगत होते, ही अमक्या पाड्याची नर्स, ही तमक्या. तिने मान वर केली. "येवढी माणसं होती? मला तर वाटलं मी एकटीच आहे."

ती पुन्हा खाली बघायला लागली. कळा संपल्या, मग लांब मोकळी जागा, मग मॅडमचा प्रश्न, आणि त्याखाली एकटंच ते शेवटचं चित्र. त्यावर तिचं बोट थांबलं.

"आणि हे कोण रडतंय?"

मी तिच्या कडेवरच्या मुलीकडे बोट दाखवलं. "ही."

ती कितीतरी वेळ त्या चित्राकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत राहिली. मग मी मुलीच्या तोंडात डोसाचे थेंब पाजले, मांडी पुसली आणि सुई टोचली. मुलीने क्षणभर आ वासला, श्वास आत घेतला, आणि आम्ही दोघीही श्वास धरून वाट बघत राहिलो. मग ती रडली.